चौथ्या रिपोर्टवरचा बाण: क्रिएटिनिन १.३ आणि त्यामागचा गाळण्याचा वेग

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. बाह्यरुग्ण विभागात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चित्रावरून ते रचले आहे. गाळण्याच्या वेगाचे आकडे मात्र सूत्रात घालून प्रत्यक्ष काढलेले आहेत, त्यामुळे कुणालाही ते पडताळून पाहता येतील.

रुग्ण ६७ वर्षांच्या गृहिणी, सातारा जिल्ह्यातल्या. उंची १५० सेंटिमीटर, वजन ४२ किलो, पूर्ण शाकाहारी. मधुमेह १४ वर्षे, रक्तदाब ८ वर्षे. मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दोन वेळा आणि टेल्मिसार्टन ४० सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी एकत्रित गोळी रोज. गुडघे धरल्यामुळे मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक गेले दहा दिवस दोन वेळा चालू होती. ही गोळी कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती. "आणखी काही घेता का?" या प्रश्नाला त्यांनी "नाही" म्हटले होते. "गुडघ्यासाठी काय घेता?" असे विचारल्यावर पिशवीतून पट्टी निघाली.

वार्षिक तपासणीत सीरम क्रिएटिनिन १.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आले. लॅबची स्त्रियांसाठीची मर्यादा ०.६ ते १.१, म्हणून आकड्याशेजारी वर जाणारा बाण. घरच्यांना सांगण्यात आले, "थोडंसंच वाढलंय, पाणी जास्त प्या." हे वाक्य रोज शेकडो ठिकाणी बोलले जाते आणि त्यातले दोन्ही भाग तपासून पाहण्यासारखे आहेत. पाण्याचे आधी उरकू. अंगातले पाणी कमी झाले असेल तर ते भरून काढल्याने क्रिएटिनिन उतरते. पाणी पुरेसे असताना वर आणखी दोन लिटर प्यायल्याने किडनीची गाळणी सुधारत नाही, फक्त लघवी पातळ होते. राहता राहिले "थोडंसंच".

फाइलमधले जुने कागद

त्यांच्या फाइलमध्ये आधीचे तीन रिपोर्ट होते. ६२व्या वर्षी ०.७, ६४व्या वर्षी ०.९, ६६व्या वर्षी १.१. तिन्ही मर्यादेच्या आत, एकावरही बाण नाही. चौथा १.३. दर वेळी वाढ बरोबर ०.२ची.

क्रिएटिनिन कुठून येते हे लक्षात घेतले की या चार आकड्यांचा अर्थ बदलतो. स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. त्याचा दीड-दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलून रक्तात येतो आणि किडनी तो गाळून लघवीत टाकते. वर नळ सतत चालू आणि तळाला भोक असलेली टाकी डोळ्यांसमोर आणा. भोक अर्धे बुजले तर टाकी भरून वाहत नाही. पाण्याची पातळी वाढते, पातळीबरोबर दाब वाढतो, आणि उरलेल्या अर्ध्या भोकातून पूर्वीइतकेच पाणी जाऊ लागले की पातळी तिथेच थांबते. किडनीची गाळणी निम्मी झाली की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होऊन तिथेच स्थिरावते. ज्या बाईंचे मूळ क्रिएटिनिन ०.७ आहे त्यांची निम्मी गाळणी गेली तरी आकडा १.४च्या आसपासच जाईल. मर्यादेची रेषा १.१ला, म्हणजे बाण उमटेपर्यंत बरेच काही होऊन गेलेले असते.

ते किती, हे सूत्राने काढता येते. अशा अंदाजे काढलेल्या गाळण्याच्या वेगालाच ईजीएफआर म्हणतात. सध्या मोठ्यांसाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे सूत्र सीकेडी-ईपीआय गटाचे, २०२१ सालचे आहे. त्याला चारच गोष्टी लागतात: क्रिएटिनिन, वय, स्त्री की पुरुष, आणि कॅल्क्युलेटर.

```
eGFR = 142 × min(Scr/κ, 1)^α × max(Scr/κ, 1)^-1.200 × 0.9938^age  [× 1.012 स्त्री]
स्त्री:  κ = 0.7, α = -0.241
पुरुष:  κ = 0.9, α = -0.302
```

दिसायला अवघड आहे, पण करायला नाही. या बाईंसाठी क्रिएटिनिनला ०.७ने भागायचे: १.३ भागिले ०.७ म्हणजे १.८५७. हा आकडा १पेक्षा मोठा असल्यामुळे `min`चा भाग १ होतो आणि बाजूला पडतो. १.८५७चा उणे १.२ घात म्हणजे ०.४७६. वयाचा भाग, ०.९९३८चा ६७वा घात, ०.६५९. आता १४२ × ०.४७६ × ०.६५९ × १.०१२ केले की उत्तर येते ४५. एकक मिलिलिटर प्रति मिनिट, दर १.७३ चौरस मीटर अंगपृष्ठामागे. या १.७३कडे पुढे परत यायचे आहे.

हेच गणित जुन्या तीन कागदांवर केले की ९८, ७१ आणि ५५ हे आकडे मिळतात. क्रिएटिनिन दर वेळी ०.२नेच वाढले, पण पहिल्या ०.२ने गाळण २७ने खाली आणली, दुसऱ्याने १६ने आणि तिसऱ्याने १०ने. सर्वांत मोठी घसरण सर्वांत निरुपद्रवी दिसणाऱ्या भागात झाली. (पहिली २७ची घसरण संपूर्ण खरी धरू नये. इतक्या खालच्या आकड्यांत लॅबची नेहमीची चूक आणि आकडा एका दशांशापर्यंत छाटणे यांनीच ईजीएफआर बराच हलतो. पण ७१वरून ५५ आणि तिथून ४५ ही रांग योगायोगाने लागत नाही.) ६६व्या वर्षीच्या "नॉर्मल" रिपोर्टावर ईजीएफआर छापलेला असता तर ६०च्या खालचा ५५ हा आकडा तेव्हाच दिसला असता.

एक दशांश छापण्याचा त्रासही इथेच दिसतो. कागदावरचे १.३ हे मशीनमध्ये १.२५ ते १.३४ यांतले काहीही असू शकते, आणि त्याप्रमाणे ईजीएफआर ४७ किंवा ४३. किडनीच्या आजाराच्या टप्प्याची सीमा ४५वर आहे. म्हणून लॅबकडे दोन दशांशांचा आकडा मागावा. बहुतेक मशीन तो देतेच, छापताना कापला जातो.

चौथ्या रिपोर्टवर तळाशी बारीक अक्षरात ईजीएफआर छापलेला होता, पण ४१. चूक कुणाचीच नव्हती. त्या लॅबच्या संगणकात जुने एमडीआरडी सूत्र बसवलेले होते. तेच क्रिएटिनिन आणि तेच वय २००९च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात घातले तर ४२ येते, २०२१च्या सूत्रात ४५. एका लॅबचा ४५ आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या लॅबचा ४१ शेजारी ठेवून "किडनी उतरली" म्हणणे ही नेहमीची फसगत आहे. तुलना करायची तर सगळ्या जुन्या क्रिएटिनिनवरून एकाच सूत्राने आपण स्वतः ईजीएफआर काढावा. ॲपमध्ये घालताना स्त्री-पुरुष आणि एकक हे दोन रकाने डोळ्यांत तेल घालून पाहावेत. याच बाईंना चुकून पुरुष धरले तर उत्तर ६० येते आणि आजार कागदावरून नाहीसा होतो. परदेशातल्या मुलाकडे रिपोर्ट पाठवला आणि तिथले ॲप मायक्रोमोल प्रति लिटर मागत असेल तर १.३ला ८८.४ने गुणून ११५ घालायचे.

१.३ खरे किती?

ईजीएफआरचे सूत्र एक अट गृहीत धरते: टाकीतली पातळी स्थिरावलेली असावी. आज सकाळी दोन्ही किडन्या पूर्ण बंद पडल्या तरी संध्याकाळपर्यंत क्रिएटिनिन थोडेसेच चढलेले असते. सूत्र त्यावरून भलीमोठी गाळण दाखवते, आणि प्रत्यक्षात ती शून्य असते. म्हणून आकडा दिवसागणिक हलत असताना ईजीएफआर काढूच नये. तेव्हा क्रिएटिनिनची वाढच मोजायची: ४८ तासांत ०.३ किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट वाढ झाली, तर तो तातडीने पाहण्याचा प्रकार आहे.

या बाईंच्या बाबतीत शंकेला जागा होती ती डायक्लोफेनॅकमुळे. गाळणीच्या गुच्छाला रक्त आणणारी बारीक धमनी मोकळी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लॅंडिन करतात आणि डायक्लोफेनॅक तेच बंद करते, त्यामुळे येणारी वाट आवळते. टेल्मिसार्टन जाणारी वाट सैल करते. हायड्रोक्लोरोथायझाइड अंगातले पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आले की गाळणीतला दाब पडतो. तिन्ही औषधे एकेकटी असताना सहसा चालून जातात, अडचण एकत्र येण्यात आहे. पोटॅशियम ५.३ होते, तेही याच्याशी जुळणारे.

डायक्लोफेनॅक बंद केली, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल दिली आणि दहा दिवसांनी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने क्रिएटिनिन पुन्हा केले. पद्धतीवर भर देण्याचे कारण आहे. १८८६ साली माक्स याफे यांनी शोधलेली पिक्रिक आम्लाची पद्धत आजही अनेक लॅबमध्ये चालते. अल्कधर्मी द्रावणात क्रिएटिनिन पिक्रेटशी मिळून नारिंगी-लाल रंग धरते आणि रंगाच्या गडदपणावरून आकडा काढतात. पण प्रथिने, खूप वाढलेली साखर, कीटोन आणि काही सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकेही थोडा रंग धरतात. अनियंत्रित मधुमेहात त्यामुळे आकडा उगाच वर दिसू शकतो. एन्झाइमची पद्धत महाग, पण या गोंधळातून बऱ्याच अंशी सुटलेली. एकदा याफे आणि एकदा एन्झाइम असे झाले तर ०.१ - ०.२चा फरक किडनीचा की रसायनाचा, हे सांगता येत नाही.

दुसरा आकडा आला १.१८, ईजीएफआर ५१. पोटॅशियम ४.८. म्हणजे १.३पैकी काही भाग गोळीचा होता, सगळा नव्हता. तीन महिन्यांनी तिसऱ्यांदा १.१६, ईजीएफआर ५२. १.१८ आणि १.१६मध्ये सुधारणा शोधू नये. धडधाकट माणसाचेही क्रिएटिनिन दिवसागणिक चार-पाच टक्के इकडेतिकडे होतच असते.

किडनीचा आजार जुनाट म्हणायला बिघाड तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला असावा लागतो. इथे तीन महिने थांबण्याची खरे तर गरजच नव्हती. वर्षापूर्वीचा ५५ आणि आताचा ५१ दोन्ही ६०च्या खाली, पुरावा फाइलमध्येच होता. जुने कागद आणा म्हणून सांगणे हीच अनेकदा सर्वांत स्वस्त तपासणी ठरते.

सूत्राला न दिसणारी गोष्ट

आता मूळ मुद्दा. ईजीएफआरच्या सूत्रात वजन नाही, स्नायू नाहीत, आहार नाही. क्रिएटिनिन किती तयार होत असेल याचा अंदाज सूत्र केवळ वय आणि स्त्री-पुरुष यावरून बांधते. ज्या लोकांवरून सूत्र बसवले त्यांच्यातल्या सरासरी ६७ वर्षांच्या बाईचे स्नायू ते गृहीत धरते. आपल्या बाई ४२ किलोच्या, दंड काडीसारखे, शिजवलेल्या मांसातून येणारे क्रिएटिनिनही शून्य. टाकीत वरून येणारा नळच बारीक आहे. अशा वेळी पातळी कमी दिसते ती भोक मोठे असल्यामुळे नव्हे. सूत्र मात्र तसेच समजते आणि गाळण फुगवून सांगते. व्यायामशाळेत कमावलेल्या पंचविशीतल्या मुलाच्या बाबतीत नेमके उलटे होते, चांगल्या किडनीला ते उगाच बदनाम करते. आपल्याकडच्या किडकिडीत, शाकाहारी, वयस्क माणसांत पहिली चूक जास्त होते आणि ती जास्त धोक्याची आहे, कारण ती दिलासा देणारी चूक आहे.

स्नायूंवर फारसे न विसंबणारा दुसरा पदार्थ म्हणजे सिस्टॅटिन सी. शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी ते सोडतात. तपासणी महाग आहे आणि सगळीकडे होत नाही, त्यामुळे ऊठसूट करण्यात अर्थ नाही. ईजीएफआर ४५ ते ५९मध्ये, शरीर सरासरीपेक्षा फार वेगळे आणि उत्तरावर औषधाचा डोस ठरणार, अशा वेळी ती पैसे वसूल करते. इथे तिन्ही गोष्टी होत्या. स्टेरॉइड, थायरॉइडचे विकार, अंगातली सूज, लठ्ठपणा आणि धूम्रपान यांनी सिस्टॅटिन सी बदलते, म्हणून आधी थायरॉइडसाठी टीएसएच आणि सुजेसाठी सीआरपी पाहिले. दोन्ही ठीक.

सिस्टॅटिन सी आले १.६ मिलिग्रॅम प्रति लिटर. केवळ त्यावरून ईजीएफआर ३८. केवळ क्रिएटिनिनवरून ५२. दोन्ही एकत्र घेणाऱ्या २०२१च्या सूत्राने ४४, आणि प्रत्यक्ष मोजलेल्या गाळणीच्या सर्वांत जवळ सहसा हेच एकत्रित उत्तर जाते. ४५ ते ५९ हा तिसऱ्या टप्प्याचा 'अ' भाग, ३० ते ४४ हा 'ब' भाग. बाई अ मधून ब मध्ये आल्या.

हा फरक कागदापुरता नव्हता. मेटफॉर्मिनचा दिवसाचा २००० मिलिग्रॅम डोस ५२ला चालू ठेवता आला असता. ४५च्या खाली तो निम्मा करायचा असतो आणि ३०च्या खाली बंद. तो ५०० मिलिग्रॅम दोन वेळा केला.

आता १.७३. ईजीएफआर हा १.७३ चौरस मीटर अंगपृष्ठ असलेल्या माणसाचा म्हणून दिला जातो, म्हणजे वेगवेगळ्या आकाराच्या माणसांची तुलना करता येते. आजाराचा टप्पा ठरवायला ते योग्य आहे. पण औषध बाहेर टाकते ती प्रत्यक्ष किडनी. उंची आणि वजन यांचा गुणाकार ३६००ने भागून वर्गमूळ काढले की या बाईंचे अंगपृष्ठ १.३२ चौरस मीटर येते. ४४ला १.३२ने गुणून १.७३ने भागले की प्रत्यक्ष गाळण मिनिटाला ३४ मिलिलिटर. १९७६च्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात वजन आत असते: १४०मधून वय वजा, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, आणि स्त्री असल्यास ०.८५. त्याने ३१ येते. पायांच्या मुंग्यांसाठी पुढे प्रीगॅबालिन देण्याची वेळ आली तेव्हा डोस या तिशीतल्या आकड्याकडे पाहून ठरला, ५२कडे पाहून नाही. इतक्या लहान चणीच्या माणसात ही पायरी गाळली तर झोपाळलेली, तोल जाणारी आजी घरात दिसते आणि दोष वयाला जातो.

लघवीची बाजू

गाळण किती उरली हा अर्धा प्रश्न. गाळणी गळते का, हा दुसरा अर्धा, आणि त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर पाहतात. साध्या पट्टीवर 'ट्रेस' होते. गुणोत्तर १८० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, तीन महिन्यांनी १६०. ३० ते ३०० हा मधला गट. ताप, लघवीतला संसर्ग किंवा जोरदार श्रम यांच्या दिवसांत नमुना देऊ नये.

इथे गंमत अशी की या गुणोत्तरातही छेदस्थानी क्रिएटिनिनच आहे. स्नायू कमी असले की लघवीत क्रिएटिनिन कमी उतरते, छेद लहान होतो आणि गुणोत्तर खऱ्यापेक्षा मोठे दिसते. म्हणजे तोच सडपातळपणा एका रिपोर्टात किडनी चांगली दाखवतो आणि दुसऱ्यात वाईट. तरीही ३०ची रेषा सहापटीने ओलांडलेली असल्यामुळे निदान बदलत नाही.

टेल्मिसार्टन चालूच ठेवले. क्रिएटिनिन वाढले म्हणून हीच गोळी आधी बंद करण्याची सवय अनेकांना असते, पण लघवीतून अल्ब्युमिन जात असताना गाळणीचा दाब कमी ठेवणारी तीच आहे. सोबत किडनीला जपणारी मधुमेहाची गोळी डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम सुरू केली आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवले की पुढच्या रिपोर्टात क्रिएटिनिन किंचित वाढेल, घाबरून गोळी थांबवू नका.

चार आठवड्यांनी आकडा आला १.२४, ईजीएफआर ४८, शेजारी पुन्हा तोच बाण. १.१६वरून १.२४ म्हणजे सात टक्के वाढ. अशा औषधांनंतर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढणे स्वीकारतात, या बाईंच्या बाबतीत म्हणजे १.५पर्यंत. त्याच्या पुढे गेले असते तर आधी अंगातले पाणी आणि घरातली डायक्लोफेनॅकची पट्टी तपासायची, आणि दोन्ही निर्दोष ठरले तर किडनीच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत का ते पाहायचे. पोटॅशियम ४.९ होते. पुढची तपासणी चार महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, दोन दशांशांसह.